छापा की, कागदाला काय तोटा!

मंचरच्या बाजार समितीबाहेर चहाला उभं राहिलं की देशाचं अंदाजपत्रक अर्ध्या कपात मंजूर होतं. सध्या त्यात एक कलम वाढलंय: सरकारने नोटा छापाव्यात. युक्तिवाद बिनतोड आहे. कर्जमाफीला पैसा नाही म्हणतात, आणि नोटांचा छापखाना तर नाशिकरोडला, म्हणजे आपल्याच रस्त्यावर! नारायणगाव, आळेफाटा मागे टाकला की नाकासमोर जायचं. १९२८पासून तिथे नोटा छापल्या जातात. टोमॅटो उतरवून रिकामा येणारा टेम्पो येताना भरून आणला, तर कुणाच्या बापाचं काय जातं?

या मागणीला आमच्या सदराचा बिनशर्त पाठिंबा आहे. फक्त अंमलबजावणीचे दोन-चार तपशील ठरवून घेऊ, म्हणजे मोर्चात घोषणा चुकायला नको.

नाशिकरोडचा छापखाना हा शेवटी हुकमाचा ताबेदार. रिझर्व्ह बँक सांगेल तेवढंच तो छापणार. खरी गंमत कागदात आणि त्यावरच्या आकड्यात आहे. पाचशेची नोट छापायला काही रुपये लागतात, पण बाजारात तिच्यावर पाचशेचा माल मिळतो. मधली रक्कम छापणाऱ्याच्या खिशात. अर्थशास्त्री याला सेन्यॉरेज म्हणतात, आपण टांकसाळीचा नफा म्हणू. नाण्यांच्या काळात हे काम चांदी कमी करून चालायचं. राणीछाप रुपयात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी असायची. १९४०मध्ये इंग्रज सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. रुपया मात्र रुपयाच राहिला. लोक शहाणे होते. नवा रुपया दुकानदाराला, राणीछाप गाडग्यात! पुढे १९४३मध्ये पैशाच्या नाण्याला मधोमध भोकच पाडलं. तांबं वाचलं. सरकारने स्वतःच्या पैशाचं इतकं प्रामाणिक चित्र त्याआधी किंवा नंतर कधी काढल्याचं आठवत नाही.

हे सगळं चाललं होतं महायुद्धासाठी. फौजेला इथला गहू, कापड, कातडी, माणसं हवी होती आणि त्याचा मोठा वाटा ब्रिटन देणार होतं. कसा? लंडनच्या खात्यात पौंड जमा दाखवायचे, आणि त्या कागदाच्या तारणावर रिझर्व्ह बँकेने इथे रुपये छापायचे. माल आजच गेला, मोबदला लंडनच्या वहीत. १९३९मध्ये सुमारे १८० कोटींच्या नोटा फिरत होत्या, १९४५मध्ये त्या अकराशे कोटींच्या वर गेल्या. या काळात १९४३पासून गव्हर्नरच्या खुर्चीत आपले कोकणातले चिंतामणराव देशमुख होते, पहिले भारतीय गव्हर्नर. पण लढाईचा खर्च ठरवणं काही त्यांच्या हातात नव्हतं.

नोटा सहापट झाल्या, भाव साधारण अडीचपट. म्हणजे कुणी पावती न फाडता, कुठल्याही कायदेमंडळात न विचारता, घरात रोकड ठेवणाऱ्या प्रत्येकाकडून कर वसूल झाला. बंगालच्या १९४३च्या दुष्काळाला कारणं अनेक होती; पण ज्या मजुराची मजुरी तांदळाच्या भावामागे धावताना मागे पडली, त्याने हा कर जिवानिशी भरला.

आता चहाच्या टपरीवरचा हुशार प्रश्न: सहापट छापूनही भाव अडीचपटच, मग भ्यायचं कशाला? कारण लोकांनी नोटा जवळ ठेवल्या. रेशन होतं, भावांवर नियंत्रण होतं, घ्यायला माल नव्हता, आणि लढाई कधीतरी संपणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. नोट घरात पडून राहते तोवरच टांकसाळीचा नफा गोड लागतो.

ती पडून राहिली नाही तर काय, हे आपल्याच दोन तालुक्यांवर पडताळून पाहू. समजा जुन्नर-आंबेगावचं स्वतंत्र चलन निघालं. लोकांच्या खिशात, डब्यात, गादीखाली मिळून एक लाख क्रेट टोमॅटोच्या किमतीच्या नोटा आहेत. सरकारला कर्जमाफीसाठी दर महिन्याला दहा हजार क्रेटचा माल उचलायचाय. ढोबळ हिशेबाने महिन्याला दहा टक्के नव्या नोटा छापल्या की काम झालं. सत्कार, फेटे, फ्लेक्स.

पण भावही महिन्याला दहा टक्क्यांनी चढू लागले, आणि ओतूरच्या म्हातारीलासुद्धा कळलं की डब्यातली नोट नासते. ती नोट मिळाल्याबरोबर तेल, साखर, नाहीतर शेळी घेऊन टाकते. लोकांकडच्या नोटांची किंमत पन्नास हजार क्रेटवर आली. त्याच दहा हजार क्रेटसाठी आता वीस टक्के छापावं लागतं. भाव आणखी पळतात, लोक नोट आणखी झटकतात. वीस हजार क्रेट उरले की छपाई पन्नास टक्के. फिलिप कॅगन या अर्थतज्ज्ञाने १९५६मध्ये महिन्याला पन्नास टक्के भाववाढ हीच अतिमहागाईची वेस धरली. शेवटी दहा हजार क्रेट उरले की दर महिन्याला नोटा दुप्पट. कर तोच, करदाता पळालेला!

आणि सरकार तरी कुठे सुटतं? नारायणगावच्या व्यापाऱ्याकडून शेतकऱ्याची पट्टी महिन्याने आली तर ती निम्म्या किमतीची, हे समजू शकतं. पण घरपट्टीची मागणी एप्रिलची आणि भरणा मार्चमधला! ग्रामसेवकाने ती वसूल करायची म्हणजे पावतीचा कागदही सुटायचा नाही. कर आटतो, तूट वाढते, आणि तूट भरायला पुन्हा छपाई. जर्मनीत नोव्हेंबर १९२३मध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क पडायला लागले, ते याच चक्राने. हंगेरीत जुलै १९४६मध्ये भाव पंधरा तासांत दुप्पट होत. संध्याकाळी लिलाव होऊन सकाळी वाशीला पोचणाऱ्या टेम्पोने भाडं निघताना घ्यायचं की पोचल्यावर, एवढ्यावरच हाणामारी व्हायची.

(टोमॅटो २०२३मध्ये शंभरी ओलांडून गेला तो छपाईमुळे नव्हे, माल कमी आला म्हणून. एकच भाजी चढली तर तो हंगाम. भाजी, भाडं, मजुरी सगळं एकदम चढत राहिलं तर छापखान्याकडे बघावं.)

आपल्याकडे अशा अतिमहागाईची वेळ आली नाही, पण सोय करून ठेवलेली होती. १९५५मध्ये असं ठरलं की केंद्राची रिझर्व्ह बँकेतली शिल्लक शुक्रवारी पन्नास कोटींच्या खाली गेली, की आपोआप ‘अॅड हॉक’ हुंड्या निघाव्यात आणि बँकेने पैसे द्यावेत. अर्थमंत्री तेव्हा चिंतामणराव देशमुखच. मुदत एक्क्याण्णव दिवस, तात्पुरती उसनवारी म्हणून. ती बेचाळीस वर्षं चालली. १ एप्रिल १९९७पासून बंद झाली तेव्हा साचलेल्या हुंड्या ४.६ टक्के व्याजाच्या रोख्यांत बदलल्या. परतीची तारीखच नाही. सोसायटीच्या सचिवाने हे वाचून एक रात्र झोप घेतली नसेल.

पुढे कायदा झाला आणि २००६पासून रिझर्व्ह बँकेने सरकारचे नवे रोखे थेट घेणं थांबवलं. मागचं दार मात्र त्यात होतंच, २०१८मध्ये त्यावर कारणांची यादी लावली: युद्ध, राष्ट्रीय आपत्ती, शेती कोलमडून उत्पादन व उत्पन्न घसरणं, वगैरे. निवडणूक त्या यादीत नाही, अजून तरी. पण शेती आहे! तेव्हा टपरीवरच्या मंडळींनी घोषणा जरा बदलावी. नारायणगावात क्रेटला शंभरही मिळाले नाहीत, तर ते ‘कोलमडणं’ धरायचं की नाही, यावर तहसीलदाराचा दाखला मागावा. अर्ज दोन प्रतींत, सोबत सातबारा, आणि स्टॅम्पाचे पैसे सुटे आणावेत.