शंभर नावांचं फेशियल

सौंदर्यप्रसाधनांच्या डायरेक्ट सेलिंगमध्ये सगळ्यात आधी काय लागतं, असं विचारलं तर भोळा माणूस म्हणेल, क्रीम. लागते ती वही. जॉइनिंगचे पैसे भरले, किट घरी आलं, की पहिल्याच ट्रेनिंगमध्ये नव्या मेंबरला शंभर नावांची यादी करायला सांगतात. डबीत काय आहे, तेलकट कातडीला ते चालतं का, उन्हात लावलं तर काय होतं, हे विषय पुढच्या कधीतरीच्या सेशनचे. आज यादी. नावं सुचत नसतील तर सुचवायचीही सोय असते: शाळेतल्या मैत्रिणी, नवऱ्याच्या ऑफिसमधल्यांच्या बायका, मुलांच्या बसस्टॉपवरच्या आया, दूधवाला, विमा एजंट, आणि अगदीच अडलं तर लग्नातली आहेराची वही. आजवर कोणी किती रुपयांचं पाकीट दिलं हे लक्षात ठेवण्यासाठी जपलेली ती वही आता कोणाकडून किती काढायचे यासाठी उघडते. यादी करताना एक कडक पथ्य असतं. ‘ही घेणार नाही’ असं आपण ठरवायचं नाही. मामेसासूला सत्तरी उलटून गेली, तिने जन्मात हळदीपलीकडे काही लावलं नाही, तरी तिचं नाव लिहायचं. निर्णय तिचा, नाव आपलं.

मला या यादीचं फार कौतुक वाटतं, कारण अख्ख्या प्लॅनमधला तेवढाच एक प्रामाणिक कागद आहे. धंद्याला कच्चा माल कोणता लागतो हे तो सरळ सांगतो. साबणाचा कारखाना तेल मागतो, बेकरी मैदा मागते. जो धंदा पहिल्या दिवशी नातेवाईक मागतो, त्याचा कच्चा माल नातेवाईकच. तेव्हा पैसे टाकण्याआधी या ‘संधी’ची परीक्षा करायची तर भरतीच्या व्हिडिओतली गाडी आणि समुद्रकिनारा बाजूला ठेवावा आणि याच यादीचा हिशेब मांडावा. लीडरची भाषणं ऐकून जे कळत नाही ते पाचवीच्या गणितात कळतं.

समजा, क्रीमची ५० ग्रॅमची डबी आहे. छापील किंमत ६२५ रुपये, मेंबरला ५०० ला मिळते. म्हणजे डबीमागे १२५ रुपये सुटतात. ‘ॲक्टिव्ह’ राहायला, म्हणजे वरून येणारं कमिशन चालू राहायला, महिन्याला ५,००० रुपयांची खरेदी करावी लागते, म्हणजे दहा डब्या. आता जपून वापरणारी बाई एक डबी दोन महिने पुरवते. आपल्याकडे तर नळी कापून आतलं शेवटचं बोट फिरवल्याशिवाय नवी आणत नाहीत. म्हणून महिन्याला दहा डब्या खपवायच्या तर वीस कायमच्या गिऱ्हाइकणी हव्यात. भीड म्हणून एकदा घेणाऱ्या नव्हेत, दुसऱ्यांदा स्वतःहून फोन करणाऱ्या. अशा वीस जणी टिकल्या तरी महिन्याला सुटतात १,२५० रुपये, आणि त्यातूनच पेट्रोल, चहा, टेस्टर म्हणून फोडलेली डबी आणि सेमिनारचं तिकीट भागवायचं. बरं, चमत्कार झाला असं धरू. यादीतली शंभरच्या शंभर माणसं, दूधवाला आणि मामेसासूसकट, जन्मभर हेच क्रीम लावू लागली. तर महिन्याला पन्नास डब्या गेल्या आणि ६,२५० रुपये सुटले. जगातली सर्वांत यशस्वी यादी, एकही नकार नाही, एकही उधारी नाही, आणि कमाई ६,२५०. व्हिडिओतली बाई मात्र पन्नास हजारांबद्दल बोलत होती. नुसत्या विक्रीतून पन्नास हजार काढायचे तर महिन्याला चारशे डब्या आणि आठशे कायमची गिऱ्हाइकं लागतात. शंभरांच्या यादीतून आठशे माणसं निघत नाहीत.

मग बाकीचे पैसे येतात कुठून? यादी इथे दुसऱ्यांदा कामाला येते. त्या शंभरांनी क्रीम लावावं ही अपेक्षाच नसते, त्यांनी शंभर नावं लिहावीत ही असते. खालच्या प्रत्येकीच्या ५,००० च्या खरेदीवर वरच्या बाईला पाच टक्के, म्हणजे २५० रुपये मिळतात असं धरलं, तर पन्नास हजारांसाठी तिच्याखाली दर महिन्याला माल उचलणाऱ्या दोनशे जणी हव्यात. त्या दोनशे जणींनाही प्रत्येकी पन्नास हजारच दाखवलेले असतात, कारण एक हजार दाखवून कोणी येत नाही. तेव्हा प्रत्येकीला आपापल्या दोनशे, म्हणजे झाल्या चाळीस हजार. त्यांना प्रत्येकी दोनशे, म्हणजे ऐंशी लाख. त्यांना प्रत्येकी दोनशे, म्हणजे एकशे साठ कोटी. चौथ्या पायरीलाच देश संपला. तान्ही मुलं, संन्यासी, दाढीवाले काका आणि कातडीच्या डॉक्टरांसकट सगळा देश मेंबर झाला तरी चौथ्या पायरीवरच्या सगळ्यांची भरती पुरी होत नाही, आणि क्रीम विकायला परदेश शोधावा लागतो. खरे प्लॅन याहून गुंतागुंतीचे असतात. टक्के पायरीपायरीने बदलतात, पॉइंट असतात, डावा पाय-उजवा पाय असतो. पण गुंता वाढवून माणसं वाढत नाहीत. कोणत्याही शिडीत सर्वांत खालच्या पायरीवर सर्वांत जास्त गर्दी असते आणि तिच्याखाली कोणीच नसतं. नव्याने जॉइन होणारी व्यक्ती याच पायरीवर उभी राहते.

इथे एक आक्षेप हमखास येतो: ‘पण हे कायदेशीर आहे.’ असेलही. डिसेंबर २०२१ पासून आपल्याकडे ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम आहेत. त्यात पिरॅमिड योजनेला बंदी आहे, आणि पैसे फिरवण्याच्या योजनांवर तर १९७८ च्या कायद्यापासूनच बंदी आहे. पण नियम पाळून चालवलेल्या धंद्यातही आपल्याला तोटा होऊ शकतो. गुन्हा नसणं म्हणजे नफा असणं नव्हे. शिवाय नियमांनी पिरॅमिड हा शब्द वाईट ठरवल्यापासून भरतीला भरती म्हणत नाहीत, ‘टीमची खरेदी’ म्हणतात. म्हणून ओळखायची खूण एकच: मेंबर नसलेल्या, कमिशनशी संबंध नसलेल्या बाईला किती माल विकला जातो? जो माल बहुतांशी मेंबरच घेतात, महिनाअखेरीला क्लोजिंगच्या रात्री रँक वाचवायला घेतात, आणि कपाटात ठेवतात, तो माल विकला गेलेला नाही, नुसता सरकलेला आहे. आणि हे भांड्यांसारखं नाही, की आज नाही तर रुखवतात देता येईल. प्रत्येक डबीवर अमुक तारखेपूर्वी वापरा असं छापलेलं असतं. कपाटातला नफा तारखेबरहुकूम आंबतो.

दुसरा आक्षेप जास्त सच्चा असतो: ‘प्रॉडक्ट खरंच चांगलं आहे, मी स्वतः वापरते.’ मान्य. डबीवर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच आणि घटकांची यादी आहे ना ते पाहा; घटक साधारणपणे प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, त्यामुळे ज्या केशर-कोरफडीच्या नावाने क्रीम विकलं जातं ती शेवटून दुसरी असेल तर तेही दिसतं. मग तसेच घटक असलेली डबी दुकानात कितीला मिळते ते विचारा. कमिशनचा मोह नसलेली अनोळखी बाई दुकानातली २५० ची सोडून ६२५ ची घेईल का? घेत असेल तर धंदा आहे. अशा बाया असतात. पार्लर चालवणारी, रोज नवी गिऱ्हाइकं खुर्चीत बसवणारी, ऑर्डर आल्यावरच माल मागवणारी बाई यात चार पैसे मिळवते, आणि ते खरे मिळवते. पण ती आधी पार्लरवाली असते. तिच्याकडे गिऱ्हाईक आधी आलं, क्रीम नंतर. तिचं उदाहरण आहेराच्या वहीवर विसंबणाऱ्या बाईला लागू पडत नाही. आणि मेंबर जेव्हा ‘याने वांग जातात, मुरुम कायमचे बरे होतात’ असं सांगू लागते, तेव्हा ती प्रसाधन नव्हे, औषध विकत असते, आणि तो परवाना त्या डबीकडे नसतो.

तिसरा आक्षेप ऐकला की माझी विनोदबुद्धी संपते. ‘ज्यांनी मेहनत केली नाही तेच नावं ठेवतात. निगेटिव्ह लोकांपासून दूर राहा.’ या दोन वाक्यांत सगळी लबाडी भरलेली आहे. बाळंतपणानंतर नोकरी सुटलेल्या, हातात स्वतःचे म्हणून दोन हजार नसलेल्या बाईला आधी ‘स्वतःच्या पायावर उभी राहा’ म्हणायचं; मग तिच्याकडची एकमेव पुंजी, म्हणजे तिच्यावर विश्वास असलेली माणसं, वहीवर उतरवून घ्यायची; ‘फोनवर प्रॉडक्टचं नाव सांगू नकोस, नुसतं कॉफीला बोलाव’ असं शिकवून तिला नणंदेशी पहिल्यांदा खोटं बोलायला लावायचं; आणि गणितात जे मुळातच शक्य नव्हतं ते झालं नाही की दोष तिच्या वृत्तीला द्यायचा. मुळात तीन फुटांच्या आत येणारा प्रत्येक माणूस गिऱ्हाईक समजा, असं शिकवणाऱ्यांना तीन फुटांत कोण येतं हे ठाऊक नाही का? तिथे नवरा येतो, आई येते, बारशाला आलेली चुलत जाऊ येते. सहा महिन्यांनी हळदीकुंकवाला बोलावलं तरी बायका ‘प्लॅन दाखवणार का गं?’ विचारून मगच येतात. याची भरपाई कुठल्या रँकमध्ये आहे? ज्यांनी ‘नको’ म्हटलं त्यांना निगेटिव्ह म्हणायचं म्हणजे घरात गणित येणारं एकच माणूस असेल, तर त्याच्याशीच बोलणं तोडायला सांगण्यासारखं आहे.

तेव्हा ज्या ताई ‘फक्त वीस मिनिटं दे’ म्हणून आल्या असतील, त्यांना वीस मिनिटं द्यावीत, आणि त्यातली पहिली पाच आपण वापरावीत. ताई, गेल्या वर्षी तुम्हाला मिळालेलं कमिशन किती आणि तुम्ही स्वतः किती रुपयांचा माल उचललात, दोन्ही आकडे सांगा. कमिशनवर टीडीएस कापला जात असेल तर तो २६एएस मध्ये दिसतोच. चेकचे फोटो नकोत, तो कागद दाखवा. त्यातले किती मेंबर नसलेल्यांना विकून आले? कोणालाही जॉइन न करता मला किती मिळतील? उत्तर ‘असं नसतं बघायचं’ असं आलं, तर चहा द्यावा आणि विषय संपवावा. उत्तर आकड्यांत आलं आणि तरीही जायचंच असेल, तर पाच डब्या घ्याव्यात, नात्यागोत्याबाहेरच्या पाच जणींना पूर्ण किमतीत विकून पाहाव्यात, आणि त्यांतल्या किती जणी दुसरी डबी मागतात ते कळेपर्यंत मोठं किट घेऊ नये, यादीतल्या एकाही माणसाला फोन करू नये. करार लेखी मागावा. न उघडलेला, मुदत न संपलेला माल कोणत्या अटींवर परत घेणार आणि किती कापणार, हे त्यातच वाचावं, अपलाइनच्या तोंडून ऐकू नये. दंडाशिवाय बाहेर पडण्यासाठी नियमांप्रमाणे कूलिंग-ऑफ मुदत असते, ती किती दिवसांची आहे तेही त्याच कागदावर असतं. ही मुदत करार झाल्या तारखेपासून मोजतात, पहिली डबी न खपल्याचं लक्षात आल्यापासून नाही.