कैलासवासींची उपस्थिती

फोंडा महालातल्या देवस्थानांचा कारभार पोर्तुगीज अमदानीत, 1933 साली, मुकर्रर झालेल्या माझानियांच्या नियमावलीवर आजही चालतो, आणि मंगेशीपासून कवळ्यापर्यंत कुठल्याही देवस्थानाच्या समितीत माणसे बदलली की त्याची वर्दी मामलेदारांच्या कचेरीत जाते, कारण देवस्थानांचे प्रशासक तेच. मुंबईचा 1950 चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा गोव्यास लागू नाही. असे असता फोंड्यात बसून धर्मादाय आयुक्तांना पत्र लिहिण्याचा प्रसंग आमच्यावर यावा, याचे कारण आमच्या वाडवडिलांची पोटे मुंबईत भरली, हे होय. गिरगावात बिऱ्हाडे थाटलेल्या गावकऱ्यांनी गरीब विद्यार्थ्यांच्या फीसाठी काढलेला आमचा चिमुकला न्यास मुंबईतच नोंदला गेला, पुढे त्याचे विश्वस्त एकेक करून पेन्शन घेऊन गावी परतले, आणि तेव्हापासून न्यासाचा देह फोंड्यात व आत्मा वरळीच्या दफ्तरात, अशी त्याची अवस्था आहे.

यंदा एक विश्वस्त दिवंगत झाले, दुसऱ्यांनी गुडघ्यांच्या कारणास्तव राजीनामा दिला, आणि त्यांच्या जागी दोघा नव्या इसमांची निवड झाली. ‘माणूस गेला हे साऱ्या गावाला ठाऊक आहे, आता आयुक्तांनाही कळवून टाकू,’ असे आमच्या चिटणीसबाबांचे मत होते. कायद्याचे मत निराळे आहे. बदल घडल्यापासून नव्वद दिवसांत, कलम 22 प्रमाणे, तिसऱ्या अनुसूचीतल्या ठराविक नमुन्यात अहवाल दाखल करावा लागतो. पत्र म्हणजे त्या अहवालाचा भालदार, एवढेच. चौकशी होऊन हुकूम होईपर्यंत पहिल्या अनुसूचीत जुनीच नावे नांदतात. त्यामुळे ज्यांच्या तेराव्याला आम्ही सर्वजण जेवून आलो, ते गृहस्थ सरकारदरबारी अजून विश्वस्तपदावर विराजमान होते, आणि बँकेलाही हुकूम पाहिल्यावाचून त्यांच्या सहीचा मोह सोडवेना.

पत्राचा मसुदा चिटणीसबाबांनी केला होता. त्यात ‘कैलासवासी झाल्यामुळे श्रीयुत मजकूर हे विश्वस्तपदाची कर्तव्ये पूर्वीच्या उत्साहाने पार पाडू शकत नाहीत’ असे एक वाक्य होते, आणि शेवटी नव्या विश्वस्तांची नेमणूक करण्याची आयुक्तांना नम्र विनंती होती. नेमणूक आयुक्तांनी करायची नसते. ती सभा करते, ते फक्त नोंदीतला बदल मान्य किंवा अमान्य करतात. भाषा मी दुरुस्त केली. परंतु खरी मौज सोबतच्या ठरावांच्या नकलांत होती.

सभा 14 जानेवारीची. ठराव पहिला: दिवंगत विश्वस्तांना श्रद्धांजली. त्याच पानावर, उपस्थितांच्या यादीत तिसरे नाव त्याच दिवंगतांचे! मूळ इतिवृत्ताच्या वहीत तसे काही नव्हते. टंकलेखकाने गेल्या वर्षीची यादी जशीच्या तशी उतरवली होती, आणि खाली ‘खरी नक्कल’ असा शिक्का मारून चिटणीसबाबांनी तिला अमरत्व दिले होते. हे वहीवरून पुन्हा उतरवण्याने निभावले. राजीनाम्याचे मात्र तसे नव्हते. तो स्वीकारणारा ठराव 14 जानेवारीचा, आणि राजीनाम्यावर तारीख 16 जानेवारी. म्हणजे गुडघ्यांनी दोन दिवसांनी जे ठरवले, ते सभेने आधीच मान्य केले होते. ‘सहाच्या आकड्याचा दोन करू, एका रेघेचे काम,’ असे चिटणीसबाब म्हणाले. ज्या दिवशी असा दस्तऐवज कोणी हरकतदार पुढे करतो, त्या दिवशी ती एक रेघ अख्ख्या न्यासाच्या गळ्याभोवती पडते, हे त्यांना पटायला दोन चहा लागले. शेवटी रीतसर सूचना काढून फेब्रुवारीत दुसरी सभा बोलावली, गणपूर्ती झाल्याची नोंद केली, राजीनामा तिथे स्वीकारला, आणि त्या जागेवरची निवडही सूचक व अनुमोदक यांच्या नावांनिशी पुन्हा केली.

राहिले ते नव्वद दिवस. चिटणीसबाबांनी ते 14 जानेवारीपासून मोजून 14 एप्रिल हा शेवटचा दिवस काढला, आणि त्या दिवशी आंबेडकर जयंतीची सुट्टी असल्याचे पाहून समाधानाने वही मिटली. परंतु मृत्यूचा बदल सभेच्या दिवशी घडत नाही, मृत्यूच्या दिवशी घडतो. आमचे गृहस्थ 2 डिसेंबरला गेले, तेव्हा त्यांच्यापुरती मुदत 2 मार्चला भरत होती. उशीर झाला तरी सबळ कारण दाखवून आणि खर्च भरून मुदतवाढ मागता येते. पण ‘सभेला जेवण होते म्हणून’ हे कारण सबळ ठरेल, असे मला वाटले नाही.

फेब्रुवारी संपायच्या आत अहवाल वकिलांमार्फत दाखल झाला: सोबत मृत्यूचा दाखला, राजीनामा, दोन्ही सभांच्या सूचना, उपस्थितीपत्रके, ठरावांच्या नकला आणि नव्या विश्वस्तांची संमतीपत्रे. हुकूम अजून यायचा आहे. तोवर नव्या विश्वस्तांनी पत्रांच्या मथळ्यावर आपली नावे छापून घेण्याची त्वरा करू नये, आणि ज्या वडीलधाऱ्यांना पदत्याग करावयाचा असेल त्यांनी राजीनाम्यावर तारीख अवश्य घालावी, फक्त ती सभेच्या आधीची असावी, एवढी नम्र विनंती आहे.