नेटचा पदर आणि आंधळी कातर

सुरतच्या रिंग रोडवरचं कापड मार्केट आता मोबाइलवरही भरतं. गाळ्यात साडी नेसून मुलगी गिरकी घेते, पंधरा सेकंदांचं रील होतं आणि संध्याकाळपर्यंत ते जळगाव-धुळ्याच्या दुकानदारांपर्यंत पोचतं. मागचे रॅक, गठ्ठे, उघडी वायर कुणालाच दाखवायची नसते. हिरवा पडदा लावावा तर मेहंदी किंवा पोपटी रंगाची साडी पडद्याबरोबरच गायब होते. म्हणून लिंबायत-उधन्यातली आपली मराठी पोरं बटण दाबून एआयकडून पार्श्वभूमी उडवतात. सुती किंवा जाड रेशमी साडीला हे चालतं. पण नेट, ऑरगंझा, शिफॉन या मालाचं असं रील न तपासता पाठवणं मला सरळ चुकीचं वाटतं, कारण समोरचा दुकानदार ते पाहून रंग ठरवतो.

गुलाबी नेटचा पदर पिवळ्या गठ्ठ्यांसमोर धरला आहे असं समजा. कॅमेऱ्याच्या एका ठिपक्यात चाळीस टक्के कापड आणि साठ टक्के मागचा पिवळा रंग येतो. पदर नीट कापायचा तर दोन उत्तरं लागतात : इथे कापड किती, आणि त्या कापडाचा खरा रंग कोणता. बरीच साधनं पहिल्याच प्रश्नाला ‘हो किंवा नाही’ म्हणून मोकळी होतात. मेटाचं २०२४ चं SAM 2 हे त्याच जातीचं आहे. माणूस कुठे आहे हे ते छान ओळखतं, पण कापड किती विरळ आहे हे सांगणं त्याचं कामच नाही. उत्तर ‘हो’ आलं तर पिवळा रंग पदरात अडकून राहतो आणि गुलाबी नेट नारिंगी दिसतं. ‘नाही’ आलं तर पदराला भोक पडतं. २०२१ चं Robust Video Matting विरळपणाही मोजतं, कापडाचा खरा रंगही अंदाजाने काढतं आणि आधीच्या फ्रेम लक्षात ठेवतं. तेही मुळात माणसांवर शिकलेलं आहे. हातापासून दोन फूट लांब उडालेला पदर त्याला माणसाचा भाग वाटेलच याची खात्री नाही.

आता तपासायचं कसं? बहुतेक जण नवा महाल किंवा बाग मागे टाकतात आणि खूश होतात. नक्षीदार चित्रावर कडेचे दोष लपतात. कापलेली मुलगी आधी साडीत कुठेच नसलेल्या भडक, सपाट रंगावर ठेवा. मग तीच काळ्यावर आणि पांढऱ्यावर पाहा. पांढऱ्यावर गडद कड दिसली किंवा काळ्यावर उजळ कड दिसली, की मागचा रंग चिकटून आला आहे. साधन कृष्णधवल मॅट दाखवत असेल तर तो उघडा. नेटच्या जागी राखाडी दिसायला हवं. तिथे ठार पांढरं दिसलं तर निकाल लागलाच, पुढे पाहू नका.

त्यानंतर गिरकीवर थांबा. तीस फ्रेमच्या हिशेबाने पंधरा सेकंदांत साडेचारशे फ्रेम होतात. सगळ्या पाहायची गरज नाही, पदर सर्वांत वेगाने फिरतो तो एक सेकंद फ्रेम-फ्रेम करून पाहा. गोंडे एका फ्रेममध्ये आहेत, पुढच्यात नाहीत, पुन्हा आहेत, असं झालं की पडद्यावर कड उकळल्यासारखी थरथरते. कंबर आणि हात यांच्यामधल्या फटीत रॅकचा तुकडा राहिला आहे का, तेही बघा. चालू व्हिडिओत हे निसटतं, थांबवलं की लगेच सापडतं.

दोष गिरकीतल्या आठ-दहा फ्रेमपुरताच असेल तर हाताने मास्क सुधारा. तो पदरभर असेल तर दुसरं साधन शोधत रात्र घालवू नका. कापडाच्या खऱ्या रंगाची माहिती चित्रीकरणातच पिवळ्या रंगात मिसळून गेली आहे, आणि पुढचं साधनही अंदाजच करणार. मुलीला पुन्हा उभं करा. मागे फिकट राखाडी कागद लावा, तिला त्यापासून चार-पाच फूट पुढे घ्या. शटर १/१०० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने दिव्यांचा लुकलुकाट त्यात येत नाही, आणि १/५० पेक्षा पदराची धूसर रेघही निम्मी होते. नेटमधून राखाडी झिरपली तरी ती गुलाबीला नारिंगी करत नाही, फक्त थोडी फिकी करते. नवी पार्श्वभूमीही तेवढीच उजळ निवडा. गडद महालावर तीच राखाडी धुक्यासारखी उठते.

आणि भारी ऑरगंझा असेल तर कापूच नका. राखाडी कागद तसाच राहू द्या. दुकानदाराला कापड विकत घ्यायचं आहे.