शेवटचं किती?

गलोंड्यातल्या कारखान्याचा शेठ प्रस्ताव मागून वाचतो. शेवटच्या पानावर आकडा शोधायचा, भुवया उंचावायच्या आणि विचारायचं, "शेवटचं किती?" मी गळक्या शेडची कामं घेतो. म्हणून हल्ली आकडा पहिल्याच पानावर, सारांशात टाकतो. काय बिघडलंय, काय करणार, जीएसटीसह किती आणि किती दिवसांत, एवढ्या चार ओळी. भुवया लवकर उंचावल्या की लवकर खालीही येतात.

यंदाचं काम सुताच्या कारखान्याचं. शेजारी शेजारी दोन शेड, मध्ये साठ मीटर लांबीची सामाईक पन्हळ. दोन्हीकडून दहा-दहा मीटरचा उतार तिच्यात येतो, म्हणजे १,२०० चौरस मीटर छप्पर. तासात शंभर मिलिमीटर पाऊस कोसळला की पन्हळीला १,२०,००० लिटर पाणी पोटात घ्यावं लागतं. शेठच्या मते गळती स्क्रूतून होती. आम्ही खालच्या टोकापासून वर सरकत एकेक पट्टा पाइपने भिजवला. स्क्रूंमधून थेंब आले, पन्हळीतून धार.

मग तीन पर्याय लिहिले. पहिला, सगळे स्क्रू आणि रबरी वॉशर बदलणे: १,८०,०००. दुसरा, त्यात नवी पन्हळ आणि जास्त उतरते पाइप: ४,२०,०००. तिसरा, सगळे पत्रे नवे: १६,५०,०००. तिसरा कोणी घेत नाही. पण तो समोर असला की दुसरा शहाणपणाचा वाटतो. या सगळ्यांवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे दुसरा पर्याय ४,९५,६०० ला पडतो. दर पंधरा दिवसांपुरता, कारण पत्र्याचे भाव शेठच्या मूडपेक्षा जोरात बदलतात.

खरी मेहनत मात्र 'यात समाविष्ट नाही' या यादीवर. यंत्रं हलवणे, वायरिंग, रंगकाम, क्रेनचं भाडं. ही यादी नसली की, "वर चढलाच आहात तर तेवढा पंखा पण बघा ना," असं ऐकू येतं. पंख्यामागून पाण्याची टाकी येते, टाकीमागून शेठच्या मेव्हण्याची गच्ची.

शेठने अर्थातच मधला पर्याय निवडला आणि म्हणाला, "भाऊ, तीन लाखांत करा."

"होईल की," मी म्हणालो. भाव उतरवायचा तर कामही उतरवायचं, नाहीतर पुढच्या वर्षी पहिला आकडा कोणी खरा मानत नाही. "पन्हळ साठऐवजी तीस मीटर बदलू. यंत्रं जिथे आहेत ती बाजू."

"आणि उरलेली तीस?"

मी नकाशा पुढे सरकवला. उरलेल्या तीस मीटरखाली शेठची केबिन मी आधीच लाल पेनाने दाखवून ठेवली होती. त्याने अ‍ॅडव्हान्सचा चेक चार लाख वीस हजारांच्या हिशोबाने लिहिला.