तीन तिगाडा

पडद्यावरची आजी नातवाला आशीर्वाद द्यायला हात उचलते, एवढंच दृश्य. एका सेकंदाचं. पहिल्या फ्रेमवर हात बरोबर, पंचविसाव्या फ्रेमवरही बरोबर. पण मधल्या मधे आजीचा हात खांद्यापासून बोटांपर्यंत भोवऱ्यासारखा गरकन फिरून येत होता. आशीर्वाद कमी, करणी जास्त.

मी मधे आणखी एक की टाकली. गिरकी दोन हप्त्यांत झाली.

शेवटी ग्राफ एडिटर उघडला. दंडाच्या हाडाचे आकडे सुरुवातीला X 0, Y 80, Z 0. शेवटी X 180, Y 80, Z उणे 180. मी तर हात जेमतेम 20 अंश हलवला होता. Y 100 झाला असता तरी भागलं असतं. गंमत अशी की 0, 100, 0 आणि 180, 80, उणे 180 ही एकाच स्थितीची दोन वर्णनं आहेत. हात मी माउसने धरून ओढला, आकडे प्रोग्रॅमने मागाहून काढले, आणि त्याला हे दुसरं वर्णन आवडलं. स्थिती खरी, रस्ता मात्र भलताच.

हा रस्ता इतका वेडावाकडा का, ते लग्नाच्या फोटोग्राफरला विचारावं. ट्रायपॉडची बैठक गोल फिरते, तिच्यावर मान वरखाली होते, आणि मानेवर कॅमेरा आडवा-उभा कलतो. आता मांडवाचं छत टिपायला कॅमेरा सरळ आभाळाकडे करा. बैठक फिरवली तर चित्र जागच्या जागी फिरतं. कॅमेरा कलता केला तरी तेच. दोन खुंट्या एकाच कामाला लागल्या आणि एका दिशेचं काम करायला कुणीच उरलं नाही. हाच गिम्बल लॉक. मधला अक्ष 90 अंशांवर गेला की बाहेरचा आणि आतला एकावर एक येतात.

आजीचा दंड या 90 च्या दारातच घुटमळत होता. तिथे X आणि Z सुटे राहत नाहीत. त्यांची वजाबाकीच काय ती हाताला पीळ देते. सुरुवातीला ती 0, शेवटी 360. म्हणून पूर्ण गिरकी! Z उणे 180 ऐवजी अधिक 180 असता, तर वजाबाकी शून्यच राहिली असती आणि हात वाटेत फक्त दहाएक अंश बाजूला झुकला असता. एका वजाच्या खुणेपायी आजीची अब्रू गेली.

युलर फिल्टर चालवला की तो असे आकडे शेजारच्या कीशी जुळवून लिहितो, गिरकी जाते. पण दोन अक्ष एकावर एक येणं काही त्याला थांबवता येत नाही. फिरण्याचा क्रम बदलून मधला अक्ष असा निवडता येतो की तो सहसा 90 ला जाणार नाही. खांद्यासारख्या मोकाट सांध्यापुढे तेही अपुरं पडतं. अपोलो 11 मधल्या मायकेल कॉलिन्सना हेच दुखणं होतं. त्यांच्या यानातल्या दिशादर्शक यंत्राला तीनच कड्या होत्या, आणि नाताळाला चौथी कडी पाठवा, असं ते गमतीने म्हणाले होते.

तीन तिगाडा, काम बिगाडा. गणितज्ञ हॅमिल्टननेही तीन-तीन आकड्यांचा गुणाकार जमवण्यात वर्षं घालवली. 16 ऑक्टोबर 1843 ला डब्लिनमध्ये कालव्याकाठी बायकोबरोबर चालताना त्याला सुचलं की आकडे चार हवेत, आणि त्याने सूत्र पुलाच्या दगडावरच कोरलं. (आपल्याकडे अशा दगडांवर बहुतेक बदाम असतो.) ॲनिमेशनमध्ये हे चार आकडे, म्हणजेच क्वाटर्निअन, 1985 साली केन शूमेकच्या निबंधाने रुजवले.

क्वाटर्निअन एकामागून एक तीन वळणं सांगत बसत नाही. अक्ष कुठला आणि त्याभोवती किती फिरायचं, एवढंच सांगतो, तेही कोन निम्मा करून. आजीचा हात Y भोवती 80 अंशांवर, म्हणजे w 0.766 आणि y 0.643. तो 100 अंशांवर गेला की हेच दोन आकडे जागा बदलतात. x आणि z सगळा वेळ शून्य. तेराव्या फ्रेमवर दोन्ही 0.707, म्हणजे नेमके 90 अंश. ज्या दारात हात अडखळत होता तिथे याला दारच दिसत नाही.

पण वजाची खूण इथेही पिच्छा सोडत नाही. चारही आकडे उणे केले तरी स्थिती तीच राहते, फक्त हात 20 ऐवजी 340 अंशांच्या लांबच्या वाटेने जातो. म्हणून दोन्ही कीमधले जोडीचे आकडे गुणून बेरीज करायची. ती उणे आली तर एकाची चिन्हं उलटवायची.

आजीचा आशीर्वाद आता सरळ पोचतो. पुढच्या दृश्यात ती जातं फिरवते. मी उत्साहाने जात्यालाही चार आकडे दिले, 0 पासून 720 अंशांपर्यंत, आणि जातं जागचं हललं नाही. दोन पूर्ण फेऱ्या झाल्या काय आणि एकही नाही काय, क्वाटर्निअनला सारखंच. जात्याला मुकाट्याने तीन आकडे परत दिले. त्यातले दोन शून्य आहेत, ते कुणाच्या वाटेला जात नाहीत.