हे मोजायचं नाही

दिवाळीत मुलांना किती वस्तू द्यायच्या हे नवरात्राच्या आधी ठरवणारा, त्याची लेखी नोंद ठेवणारा आणि ठरलेला आकडा ओलांडला जाऊ लागला की वस्तूंऐवजी मोजणीची व्याख्या बदलून आकडा शाबूत ठेवणारा जो पालक आज पुण्या-ठाण्याच्या प्रत्येक सोसायटीत आढळतो, त्याला या विवेचनापुरते 'संख्यानिष्ठ पालक' म्हणता येईल. त्याचा परिचय करून देण्याची गरज नाही, कारण भाऊबीजेच्या पंगतीत पुरीचा घास हातात धरून "याचे सुटे भाग किती आहेत?" असे मामाला विचारणारा गृहस्थ प्रत्येक वाचकाच्या नात्यात एक तरी असतोच. हा बहुधा वडील असतो. आईची मतेही साधारण तीच असतात, पण ती रकाने आखत बसत नाही, कारण त्या रकान्यांचा जाब फोनवर स्वतःच्या आईला तिलाच द्यावा लागतो.

त्याचा मूळ सिद्धान्त 'चार भेटींचा नियम' या नावाने ओळखला जातो. मुलाला हवी असलेली एक वस्तू, गरजेची एक, अंगावर घालायची एक आणि वाचायची एक, एवढ्या चारच भेटी द्याव्यात, असा हा नियम असून तो इंग्रजी बोलणाऱ्या देशांत नाताळच्या संदर्भात रुळलेला आहे. नाताळात तो बऱ्यापैकी चालतो, कारण तिथे बहुतेक भेटी आईवडिलांच्याच हातून, एकाच झाडाखाली, एकाच सकाळी मुलासमोर येतात, आणि देणारा व मोजणारा एकच असल्यामुळे हिशेब जुळतो. दिवाळी वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत चालते आणि तिच्यात देणारे दोन्हीकडचे आजी-आजोबा, काका, आत्या, मामा, शेजार आणि सोसायटीची समिती असे चहूबाजूंनी येतात. घ्यायच्या टोकाला बसून द्यायच्या टोकावर मर्यादा घालण्याचा हा प्रयत्न असतो, आणि तो फसतो हे संख्यानिष्ठ पालकाला पहिल्याच वर्षी कळते. फक्त तो ते मान्य करत नाही.

एका सहा वर्षांच्या मुलीची दिवाळी नमुन्यादाखल घेऊ. नियमाप्रमाणे तिला हवे म्हणून चुंबकाने जोडायच्या ठोकळ्यांचा संच, गरजेचे म्हणून दप्तर, अंगावरचे म्हणून फ्रॉक आणि वाचायचे म्हणून बालभारती १९७१ पासून काढत असलेल्या 'किशोर' मासिकाचा दिवाळी अंक, अशा चार वस्तू ठरल्या. पहिली हरकत मुलीनेच घेतली. "दप्तर ही भेट कशी? ते तर आणायलाच लागतं," या तिच्या म्हणण्याला उत्तर नव्हते, आणि खरे तर या नियमाची सर्वांत कच्ची बाजू तीच आहे, कारण घरातील नेहमीचा खर्च रंगीत कागदात गुंडाळून भेटीच्या नावावर चढवण्याची मुभा त्यातून पालकाला आपोआप मिळते. तरीही नोंद झाली. मग सोलापूरची आजी परकर-पोलके घेऊन आली. अंगावरचा रकाना फ्रॉकने भरलेला होता, तेव्हा वडिलांनी क्षणभर विचार करून, सणाचे पारंपरिक वस्त्र ही भेट नसून संस्कार आहे असा निवाडा दिला आणि ज्या वाक्यासाठी ही सारी जमात ओळखली जाते ते वाक्य उच्चारले : "हे मोजायचं नाही."

मामाने भातुकलीचा चाळीस भागांचा प्लास्टिकचा संच आणला. तोही मोजायचा नाही, कारण तो आजोळचा. आत्याची रिमोटची गाडी मोजायची नाही, कारण आत्या भावाकडून ओवाळणी घेऊन जाते, तेव्हा ती देवाणघेवाण ठरते. मामेभावाला मुलीने ओवाळले तेव्हा ताटात चित्रकलेचा संच पडला, आणि ओवाळणी हा बहिणीचा हक्क आहे, भेट नव्हे, असे आजीने पाटावरूनच बजावल्यामुळे तोही वगळला गेला. सोसायटीच्या कार्यक्रमात मिळालेली रंगपेटी सार्वजनिक निधीतली होती, आणि न्यू जर्सीच्या काकांच्या खोक्यातल्या तीन वस्तू परकीय चलनातल्या होत्या. भाऊबीजेच्या रात्री दिवाणखान्यात बारा वस्तू होत्या, आजोबांचे रोख रकमेचे पाकीट वेगळे, आणि वहीत चार. ही तफावत दाखवून देणाऱ्या पत्नीकडे त्याने ज्या सहिष्णू नजरेने पाहिले, ती नजर ताळेबंद जुळवणाऱ्या माणसांकडेच असते.

आपल्या बाजूने तो शास्त्राचा दाखलाही देतो, आणि दाखला खोटा नसतो. अमेरिकेतील टोलेडो विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांना एकदा चार आणि एकदा सोळा खेळण्यांसोबत मोकळे सोडले होते. खेळणी चार असताना मुले एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली, सोळा असताना या खेळण्यावरून त्यावर उड्या मारत राहिली. 'चार' हा आकडा येथेही भेटल्यामुळे संख्यानिष्ठ पालकाला जो आनंद होतो तो पाहण्यासारखा असतो. पण त्या अभ्यासात मोजली होती ती एका वेळी मुलाच्या हाताशी असलेली खेळणी, सणाला मिळालेली नव्हेत, आणि ती मुलेही बरीच लहान होती. त्यातून काही घ्यायचेच तर ते एवढे की वस्तू किती आल्या यापेक्षा किती बाहेर मांडल्या याकडे लक्ष द्यावे.

म्हणजेच खेळणी आळीपाळीने काढावीत : थोडी बाहेर, उरलेली बंद खोक्यात, आणि महिना-दीड महिन्याने अदलाबदल. उपाय चांगला आहे, आणि तो बहुधा माळ्यावर मरतो. खोके माळ्यावर चढवण्याचा उत्साह दिवाळीनंतरच्या रविवारी असतो. ते उतरवण्यासाठी लागणारी शिडी वॉचमनकडून मागून आणावी लागते, त्यामुळे खोके थेट पुढच्या वर्षी आकाशकंदिलाबरोबर उतरते, आणि तोवर आतली कोडी जुळवण्याचे मुलीचे वय निघून गेलेले असते. दिवाणाखालच्या खणात ठेवलेली खेळणी मात्र खरोखर फिरतात. 'एक आले की एक बाहेर' या दुसऱ्या उपायाचे हसे मुलेच करतात, कारण त्यात वस्तूचा आकार ठरवलेला नसतो, आणि रिमोटच्या गाडीच्या बदल्यात अर्धा झिजलेला खोडरबर दानपेटीत टाकून ती नियम अक्षरशः पाळतात. मुलीला न विचारता वस्तू बाहेर काढली, तर त्याच संध्याकाळी ती सोसायटीच्या आवारात दुसऱ्या मुलाच्या हातात दिसते, आणि पुढे कित्येक महिने घरातल्या प्रत्येक हरवलेल्या वस्तूचा संशय वडिलांवर येतो. जुने कपडे बोहारीण भांड्यांवर घेऊन जाते. चाके गेलेली गाडी तीही घेत नाही.

भेटी जास्त झाल्या हे ओळखायला वही लागत नाही. मूल एक वेष्टन फाडून आतल्या वस्तूशी खेळण्याआधी दुसऱ्याकडे वळते, शेवटचे फाडून झाल्यावर "अजून?" असे विचारते, आणि चार दिवसांनी कोणती वस्तू कोणी दिली हे त्याला सांगता येत नाही. यांतले तिसरे लक्षण मामाच्या जिव्हारी लागते. पुढच्या वर्षी या घरात थोडे निभावले ते याच कारणाने. आईने घटस्थापनेच्या आधीच माहेरी फोन केले, कारण दसऱ्याच्या सवलतींत मामीची खरेदी उरकलेली असते आणि नंतरच्या विनंतीला अर्थ नसतो. 'काही आणू नका' असे न म्हणता, कारण ते वाक्य अपमान म्हणूनच ऐकले जाते, मुलीला सायकल हवी आहे आणि ती सगळ्यांनी मिळून घ्यावी असे तिने सुचवले. सायकल आली. आजी मात्र रिकाम्या हाताने कसे यायचे म्हणून अनारशांचा डबा घेऊन आली, आणि जे खाऊन संपते ते माळ्यावर जात नसल्यामुळे हा एक अपवाद तर्काच्या दृष्टीने निर्दोष ठरला. हे सारे आईने घडवले. नोंद वडिलांनी केली.

एवढे झाल्यावर या माणसाच्या बाजूने एक गोष्ट नाइलाजाने सांगावी लागते. मोजण्यासाठी वस्तू हातात घ्यावी लागते, आणि म्हणून त्या घरातल्या प्रत्येक खेळण्याची खरी ओळख असलेला प्रौढ माणूस तोच असतो. भातुकलीतले चाळिसावे झाकण कपाटामागे आहे, ठोकळ्यांतला निळा त्रिकोण चुंबक सुटल्यामुळे वेगळा ठेवला आहे आणि सुटलेले छोटे चुंबक मुलाने गिळले तर थेट रुग्णालय गाठावे लागते, हे देणाऱ्यांपैकी कोणाला ठाऊक नसते. एका ताग्यातून सर्व चुलत भावंडांना शर्ट शिवण्याची पद्धत ज्या घरांत होती, अशाच घरात तो वाढला. त्या दिवाळीत मोजण्यासारखे काही नव्हते, तरी कोणत्या वर्षी कोणते कापड होते हे त्याला आजही सांगता येते. आपल्या मुलीला बारा वस्तूंमधून पुढे काय आठवेल, ही त्याची खरी चिंता. ती त्याला नीट मांडता येत नाही, म्हणून तो रकाने आखतो. आणि हाच माणूस दरवर्षी कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यात जाऊन किल्ल्यासाठी मावळे, तोफा आणि एक वाघ, जो कोणत्याच किल्ल्यावर नव्हता, असे पिशवीभर सामान घेऊन येतो, आणि विचारणाऱ्याला सांगतो की मातीची वस्तू मातीत जाते, सबब मोजायची नाही. मावळ्यांपैकी बरेच आता प्लास्टरचे असतात याची नोंद वहीत नाही.

मुलगी नऊ वर्षांची झाली तेव्हा तिने आपली यादी स्वतःच करून वडिलांपुढे ठेवली. चार रकाने जसेच्या तसे होते. पाचवा तिने स्वतः वाढवला होता, त्याचे शीर्षक 'हे मोजायचं नाही' असे होते, आणि तो सर्वांत लांब होता. वडिलांनी तो न बोलता मान्य केला, कारण पूर्वनिर्णय त्यांचेच होते. त्यांची हरकत तिसऱ्या रकान्याला होती, जिथे फ्रॉकच्या जागी चाकांचे स्केट्स लिहिलेले होते. स्केट्स पायात घालतात, तेव्हा ते अंगावरचेच, असे तिचे म्हणणे होते. वसुबारसेची पूर्ण संध्याकाळ त्यांनी त्या युक्तिवादातली खोट शोधण्यात घालवली आणि शेवटी हेल्मेट स्वतंत्र धरायचे की नाही एवढाच प्रश्न त्यांच्याकडे उरला.