शंका कशी विचारावी: परिपाठातील एक भाषण



प्रार्थना झाली, प्रतिज्ञा झाली, सुविचार फळ्यावर लिहून झाला. आता मुख्याध्यापिका बाईंच्या आज्ञेवरून 'शंका कशी विचारावी' या विषयावर मी बोलणार आहे. हा विषय माझ्या वाट्याला आला, कारण मी विज्ञान शिकवतो, आणि आपल्या शाळेतल्या बहुतेक शंका विज्ञानाच्या तासालाच प्राण सोडतात. पाचवीच्या मुलांनी खाली बसायला हरकत नाही. आठवीच्या मुलांनी बसू नये, मी पाहतो आहे.

आधी शंका न विचारण्याच्या पद्धती पाहू, कारण त्या क्षेत्रात आपली प्रगती मोठी आहे. सर्वांत प्रतिष्ठित पद्धत म्हणजे उभं राहून 'सर, काहीच कळलं नाही' असं सांगणं. काहीच म्हणजे नेमकं काय, असं विचारलं की 'सगळंच' असं उत्तर द्यायचं असतं. मग शिक्षक धडा पहिल्यापासून सुरू करतात आणि विचारणाऱ्याला उरलेला तासभर विश्रांती मिळते. दुसरी पद्धत 'सर, एक विचारू?' असं म्हणून तिथेच थांबण्याची. विचार म्हटल्यावर 'नको, राहू दे' म्हणायचं. तिसरीत शेजारच्याला कोपराने ढोसायचं आणि 'सर, याला काहीतरी विचारायचंय' असं जाहीर करायचं. शेजाऱ्याला विचारायचं नसतं, पण दोघांचीही नावं शिक्षकांच्या लक्षात राहतात.

लाजाळू मुलांसाठी आपण व्हरांड्यात शंकापेटी ठेवली आहे. तीत निघालेल्या एका चिठ्ठीवर एकच शब्द होता: 'प्रकाश.' पूर्णविरामासकट. ही शंका आहे, निबंधाचा विषय आहे की वर्गातली ट्यूबलाइट गेल्याची तक्रार, यावर शिक्षकखोलीत बरीच चर्चा झाली. निर्णय लागला नाही. ट्यूबलाइट मात्र बदलली.

आता प्रात्यक्षिकाकडे वळू. दहावी 'ब'च्या एका विद्यार्थ्याने मला आजच्या भाषणासाठी स्वतःची शंका वापरायची परवानगी दिली आहे. नाव सांगू नका, एवढीच अट घातली आहे. 'ब' तुकडीने एकमेकांकडे बघणं बंद करावं.

भिंगांच्या धड्यावरचं गणित होतं. बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर २० सेंमी, वस्तू भिंगापासून ३० सेंमीवर, तर प्रतिमा किती अंतरावर मिळेल? हा विद्यार्थी मधल्या सुट्टीत आला आणि म्हणाला, 'सर, भिंगाचं गणित येत नाही.' कोणतं? 'शेवटचं.' त्यात काय येत नाही? 'उत्तर.' मी बघत राहिलो, तोही बघत राहिला. घंटा झाली.

दुसऱ्या दिवशी शंका सुधारून आली. 'सर, ३० ला वजा लावला तर चालेल का?' ही पद्धत वरच्या सर्व पद्धतींपेक्षा धोकादायक, कारण ती स्पष्ट वाटते. घडलं होतं असं की याने गाईडमध्ये उत्तर पाहिलं होतं, ६०. स्वतःचं काहीतरी वेगळंच येत होतं. मग त्याने वजाचं चिन्ह हातात घेतलं आणि ते मिठासारखं कधी इथे, कधी तिथे टाकून पाहिलं. ३० वर टाकल्यावर ६० आलं. मला विचारलं ते या उपायाबद्दल. दुखणं काय होतं, ते त्याने सांगितलंच नाही.

आता 'चालेल' हे उत्तर खरं आहे, आणि ते देऊन मी मोकळा होऊ शकलो असतो. मुलगा 'वस्तूच्या अंतराला वजा' एवढंच घेऊन घरी गेला असता. पुढचं गणित अंतर्वक्र भिंगाचं आहे, आकडे तेच, २० आणि ३०. त्याने ३० ला वजा लावला असता, २० तसेच ठेवले असते आणि पुन्हा ६० काढले असते. भिंग फुगीर असो की खोलगट, प्रतिमा ६० सेंमीवर! मग भिंगाचा प्रकार बघायची गरजच उरली नसती.

म्हणून मी त्याला कागद दिला आणि सांगितलं, मी तिथे नव्हतो असं समज. तू काय करायला बसलास, काय केलंस, काय आलं आणि काय यायला हवं होतं, हे लिही. शेवटी प्रश्न. त्याने असं लिहिलं, वाचून दाखवतो:

'बहिर्वक्र भिंग, नाभीय अंतर २० सेंमी, म्हणून f = 20. वस्तू ३० सेंमीवर आहे, म्हणून u = 30 घेतलं. सूत्र वापरून v काढलं, ते १२ आलं. गाईडमध्ये ६० आहे. अपूर्णांकांची बेरीज पुन्हा करून पाहिली, ती बरोबर आहे. माझं कुठे चुकलं?' आणि खाली केलेलं गणित:

```
1/v - 1/u = 1/f
1/v = 1/20 + 1/30 = 5/60
v = 12
```

मित्रहो, या कागदाला मी दहापैकी नऊ गुण दिले, गणित चुकलेलं असूनही. कागद वाचायला अर्धा मिनिट लागतो आणि बोट थेट दुसऱ्या वाक्यावर जाऊन पडतं. त्याने बेरीज तपासल्याचं लिहिलं आहे, म्हणून मी बेरीज शिकवत बसत नाही. सूत्र बरोबर उतरवलं आहे, म्हणून सूत्रही सांगत नाही. उरतं ते u = 30. भिंगाच्या प्रकाशीय मध्यापासून अंतरं मोजायची, येणाऱ्या प्रकाशाच्या दिशेने मोजली तर धन, उलट्या दिशेने मोजली तर ऋण, असा संकेत आहे. वस्तू आपण डावीकडे ठेवतो, प्रकाश तिच्याकडून भिंगाकडे येतो. भिंगापासून वस्तूपर्यंत जायचं तर प्रकाशाच्या विरुद्ध जावं लागतं, म्हणून u = −30. आता १/२० मधून १/३० वजा होतात, १/६० उरतात आणि v = 60 येतं. अंतर्वक्र भिंगाचं f याच संकेताने ऋण धरायचं. मग त्या दुसऱ्या गणिताचं उत्तर −१२ येतं आणि दोन्ही भिंगं आपापल्या जागी राहतात.

नऊच गुण का, असं 'ब' तुकडी विचारते आहे. 'काय यायला हवं होतं' या जागी त्याने गाईड पुढे केलं. गाईड काढून घेतलं तर? तरी १२ वर संशय घेता आला असता. फार लांबच्या वस्तूचे किरण हे भिंग २० सेंमीवर एकत्र आणतं. वस्तू जवळ आणली की प्रतिमा मागे सरकते, पुढे येत नाही. म्हणजे पडद्यावर पडणारी प्रतिमा २० च्या आत मिळणं शक्यच नाही. 'सर, १२ आलं, पण ते २० पेक्षा कमी कसं असेल?' असं विचारलं असतं तर दहा गुण दिले असते आणि बहुधा मला काही सांगावंच लागलं नसतं. खूपदा कागद लिहितानाच पेन त्या एका वाक्याशी अडखळतं आणि मुलगा शिक्षकखोलीच्या दारातून परत फिरतो. अशा परत फिरलेल्या शंकांची नोंद शाळेत कुठेही होत नाही. बाईंनी याचा विचार करावा.

हाच कागद शाळेबाहेरही चालतो. संगणक कक्षातले सर विचारतात, पडद्यावर काय आलं? उत्तर ठरलेलं असतं: 'काहीतरी इंग्रजीत आलं, मी ओके केलं.' जे सांगायचं होतं नेमकं तेच ओके करून घालवलं! ती ओळ जशीच्या तशी वहीत उतरवा, समजो न समजो, स्पेलिंगसुद्धा सुधारू नका. घरी वायरमनकाकांना फोन करताना नुसतं 'लाइट गेली' म्हणू नका. एका खोलीतली गेली की घरभर, शेजाऱ्यांकडे आहे का, आणि त्या क्षणी कोणी काय चालू केलं होतं, हे सांगा. 'गिझर लावला आणि एमसीबी पडला, वर केला तर लगेच परत पडतो' एवढं ऐकलं की काका निघण्याआधीच काय काय पिशवीत घालायचं ते ठरवतात. तोवर तो पुन्हा पुन्हा वर करू नका, हे विज्ञान शिक्षक म्हणून सांगतो.

एक सूचना, उत्तर मिळाल्यानंतरची. 'हो सर, कळलं' म्हणून पळू नका. आकडा बदलून गणित पुन्हा करा आणि काय आलं ते सांगायला या. आपला विद्यार्थी आला. त्याने वस्तू २५ सेंमीवर ठेवून पाहिली, तर प्रतिमा १०० सेंमीवर गेली. २२ वर ठेवली, तर २२० वर. कागदावरच, अर्थात. मग १५ वर ठेवली, तर −६० आलं. त्याने स्वतःच लिहिलं होतं की वजा आलं म्हणजे प्रतिमा वस्तूच्याच बाजूला, आभासी, आणि हेच भिंग आजोबा पेपर वाचायला वापरतात ना? या शंकेचं उत्तर मी एका शब्दात दिलं: हो.

पण त्याच्या कागदावर खाली आणखी एक ओळ होती. 'वस्तू बरोबर २० वर ठेवली तर 1/v = 0 येतं. २२ वर असताना प्रतिमा भिंगामागे २२० वर होती, १५ वर असताना ती अलीकडे आली. मधे २० वर ती कुठे असते?'

याचं उत्तर मी दिलेलं नाही. प्रयोगशाळेत भिंग, मेणबत्ती आणि पांढरा पुठ्ठा काढून ठेवला आहे. टेबल २२० सेंमी लांब नाही, त्यामुळे शेवटचं माप व्हरांड्यात घ्यावं लागेल. ज्यांना पाहायचं आहे त्यांनी आज मधल्या सुट्टीत यावं, डबा खाऊन आणि हात धुऊन. मागच्या वेळी भिंगावर लोणच्याचं बोट उमटलं होतं, आणि त्यानंतर पुठ्ठ्यावर जे अंधूक दिसलं त्याबद्दल मला चौदा शंका विचारण्यात आल्या.